चिठ्ठीवरचा 6/24

नमस्कार. शाळेतल्या डोळ्यांच्या तपासणीनंतर काल ज्यांच्या मुलांच्या दप्तरातून 'डोळे डॉक्टरांना दाखवा' अशी माझी चिठ्ठी आली, त्यांतल्या बऱ्याच पालकांनी विचारलं, "सिस्टर, आमची मुलगी तर लांबून बसचा नंबर वाचते, मग दोष कुठला?" त्याचंच उत्तर देते.

दुसरीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. उजवा डोळा 6/6, डावा 6/24. म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ 24 मीटरवरून वाचता येते, ती वाचायला तिच्या डाव्या डोळ्याला 6 मीटरपर्यंत यावं लागतं. बसचा नंबर ती उजव्या डोळ्याने वाचते. डावा डोळा लहानपणापासून असाच असेल, तर आपल्याला कमी दिसतंय हे तिला कळणारच नाही. म्हणून ती तक्रार करत नाही. आम्हालाही ते उजवा डोळा तळहाताने पूर्ण झाकल्यावरच कळलं. बोटांनी झाकलं की मुलं फटीतून बघतात.

पण तक्त्यावरून मला एवढंच कळतं की ओळ वाचता आली नाही. का आली नाही, ते कळत नाही. चष्म्याचा नंबर असेल, थोडा तिरळेपणा असेल, क्वचित मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजारही असेल. ते डोळ्यांच्या डॉक्टरांनीच बघायचं.

आणि कृपा करून, चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून थांबू नका. मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचिक असतं. ते जोर लावून प्लस नंबर झाकून टाकतं, आणि यंत्रावर नंबर कमी किंवा चक्क मायनस दिसतो. या मुलीचा उजवा डोळा प्लस एक आणि डावा प्लस साडेचार निघाला, असं धरा. दोन्ही डोळे जोर सारखाच लावतात, आणि तो उजव्याला पुरेल एवढाच. डावं चित्र कायम धूसर राहतं, आणि मेंदू ते हळूहळू सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणून डॉक्टर थेंब घालून तो जोर थांबवतात आणि मगच नंबर काढतात. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. औषधाप्रमाणे हे एक दिवस किंवा काही दिवस चालतं, तेवढे दिवस गृहपाठाचं मी वर्गशिक्षकांना सांगेन.

आळशी डोळा निघाला तर आधी चष्मा, तो दिवसभर. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. दृष्टी पुरेशी सुधारली नाही, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, मध्यम दोषात बहुधा रोज दोन तास. सात-आठ वर्षांपर्यंत याचा गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो. मोठेपणी नुसता चष्मा लावून ही दृष्टी परत येत नाही. त्यामुळे ही तपासणी मे महिन्याच्या सुट्टीवर टाकू नका.

एक सूचना त्यांच्यासाठी, ज्यांना चिठ्ठी आली नाही. थोडा प्लस नंबर असलेलं मूल आमच्या तक्त्यावर सहज पास होतं. वाचताना डोकं दुखत असेल किंवा फोटोत एक डोळा आत वळलेला दिसत असेल, तर त्यालाही दाखवा. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी सोबत न्या आणि त्यांनी लिहिलेले दोन्ही डोळ्यांचे आकडे मला आणून द्या.