दोन फर्म्यांचं महाभारत

(दृश्य : साताऱ्यातला एक छोटा छापखाना. टेबलावर मोठा कागद. दोन हात तो दुमडतायत.)

हा एक कागद. एकदा दुमडला, दुसऱ्यांदा दुमडला, तिसऱ्यांदा दुमडला, की त्याची १६ पानं होतात. छापखान्यात याला फर्मा म्हणतात. असे दोन फर्मे एकात एक घालून मधोमध पिना मारल्या, की ३२ पानांचं चित्रपुस्तक झालं. त्यातली पहिली तीन पानं पुस्तकाचं नाव, छपाईचा तपशील आणि अर्पणपत्रिकेत जातात, शेवटचं एक सुटं राहतं. उरतात १४ जोडपानं.

या १४ जोडपानांत आम्हाला महाभारत सांगायचं होतं. ऐकणारी मुलं सहा ते आठ वर्षांची. एका जोडपानावर फार तर ५० शब्द, म्हणजे सगळे मिळून ७००. आणि परंपरेनं ज्याला लाख श्लोकांचा ग्रंथ म्हटलंय, तो समोर.

लिहिणारी मी, चित्रं माझ्या मैत्रिणीची. दोघी साताऱ्याच्याच.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. मुलं मांडी घालून बसलेली.)

पहिला खर्डा मी आठ दिवसांत लिहिला. लहान मुलांना झेपणार नाही ते सगळं काढून टाकलं होतं. द्यूताच्या सभेबद्दल एकच वाक्य ठेवलं होतं : ‘कौरवांनी कपटाने पांडवांचे राज्य जिंकले आणि पांडव वनात गेले.’ मग युद्ध, मग विजय, शेवटच्या पानावर हस्तिनापुरावर फडकणारा झेंडा.

औंधच्या वाटेवरच्या एका गावात, दुसरीच्या वर्गात तो वाचून दाखवला. मुलांनी शांतपणे ऐकला. समजलं का, असं विचारायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्याला मुलं ‘हो’च म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं आणि गोष्ट त्यांच्याकडून ऐकायची. जे घट्ट बसलं ते मुलाच्या तोंडी येतं, जे बसलं नाही ते गळतं, आणि गळलेल्या जागी मूल काहीतरी आपलं घालतं. कुठे काय घातलंय ते ऐकलं की लिहिणाऱ्याला आपली चूक सापडते.

एका मुलानं गोष्ट छान सांगत आणली. वनवासापर्यंत आला आणि अडला. म्हणाला, “ताई, पण एवढी मारामारी कशाला केली त्यांनी? दुसरीकडं जाऊन ऱ्हायाचं की.”

बरोबर होतं त्याचं. मी सभा काढली होती, आणि सभेबरोबर युद्धाचं कारणच काढलं होतं. राहिलं होतं ते जमिनीचं भांडण. तसली भांडणं आमच्या भागातल्या मुलांनी घरोघर पाहिलेली असतात, त्यासाठी त्यांना व्यासांची गरज नाही.

तो खर्डा बाजूला ठेवला.

(दृश्य : जुनी पोथी. पान उलटतं.)

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी आधी सुरुवात बदलली. शंतनू आणि गंगेपासून निघालं की चार जोडपानं वंशावळीतच संपतात, आणि मुलांच्या डोक्यात नावांचा गुंता होतो. पण महाभारत स्वतः तसं सरळ सुरू होतंच कुठे? आदिपर्वात जनमेजय राजा वैशंपायनांना विचारतो, त्यांच्यात फूट कशी पडली? जनमेजय हा परीक्षिताचा मुलगा, अभिमन्यूचा नातू. म्हणजे अर्जुन त्याचा पणजोबा.

आमचं पहिलं वाक्य तिथे सापडलं : ‘एका राजाने विचारले, माझे पणजोबा आपल्याच भावांशी का लढले?’

सात वर्षांच्या मुलाला पणजोबा कळतो. भिंतीवर हार घातलेला फोटो असतो त्याचा. आणि या एका प्रश्नानं काय ठेवायचं, काय सोडायचं याचा निवाडा करता आला. जे या प्रश्नाच्या उत्तराकडे नेतं ते ठेवायचं. लाक्षागृह सुटलं, बकासुर सुटला, मत्स्यभेद सुटला. बकासुर सोडताना जीव तुटला, कारण गाडाभर अन्न खाणारा भीम मुलांना फार आवडतो. पण सोडणं आणि बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सोडलेलं मूल मोठं झाल्यावर वाचेल. बदललेलं मात्र त्याला आधी पुसावं लागेल.

(दृश्य : चित्रफलकावर सभेचं कच्चं रेखाटन. सोंगट्या. रिकामं सिंहासन.)

आता सभा. इथे आम्ही महिनाभर अडकलो.

सभापर्वात क्रम असा आहे. युधिष्ठिर धन हरतो, राज्य हरतो, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम. मग स्वतःला पणाला लावून हरतो. आणि त्यानंतर द्रौपदीला पणाला लावतो. तिला आणायला प्रातिकामी नावाचा सेवक जातो. ती त्याच्याबरोबर जात नाही. ती त्याला एक प्रश्न देऊन परत पाठवते : जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी कोणाला हरलास? स्वतःला, की मला?

मोठ्यांच्या सांगण्यात ही सभा म्हणजे वस्त्रहरण, एवढंच उरतं. ग्रंथात मात्र वस्त्राच्या आधी प्रश्न आहे, आणि वस्त्रानंतरही तोच प्रश्न उभा आहे. जो स्वतःचाच राहिला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावेल? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नेमकं सांगता येत नाही.

हे सात वर्षांच्या मुलाला कळेल का, अशी मला धाकधूक होती. वर्गात मी नुसता क्रम सांगितला आणि प्रश्न विचारून थांबले. मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, “आउट झालेल्याला परत डाव येत न्हाय.”

गोट्या खेळणाऱ्या मुलीनं जे सांगितलं, ते त्या भरल्या सभेत कौरवांपैकी एकट्या विकर्णानं सांगितलं. धृतराष्ट्राच्या शंभरांपैकी एक, वयानं लहान. तो उठून म्हणाला, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णानं त्याला गप्प केलं. विकर्णाला बहुतेक बालआवृत्त्यांत जागा मिळत नाही. आम्ही त्याला अख्खं जोडपान दिलं, कारण त्या सभेत मुलाला आपल्यासारखा वाटेल असा तोच आहे.

सभा तीन जोडपानांत बसली. पहिल्यावर सोंगट्या, आणि उजव्या पानाच्या अगदी खाली सेवकाच्या तोंडचा प्रश्न. पान उलटायच्या आधी मूल तो ऐकतं. उलटल्यावर दुसऱ्या जोडपानावर एकही शब्द नाही. फक्त खाली घातलेल्या माना. वाचणाऱ्याला थांबावंच लागतं, आणि मुलं चित्रात शोधायला लागतात, कोण बोलणार? तिसऱ्यावर उभा राहिलेला विकर्ण, आणि पानाच्या वरच्या कडेतून वाहत येणारं, सभेवरून वळणं घेत जाणारं वस्त्र. खाली मजकूर एवढाच : ‘त्यांनी तिचे वस्त्र ओढले. वस्त्र संपेना. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही.’

वस्त्र कोण पुरवतंय, ते चित्रात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं जुनी हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोक मुख्य पाठात नाहीत. घरातल्या पोथीत मात्र कृष्ण येतो, आणि आजीला तो दिसतोच. आजीची गोष्ट खोटी पाडायची नव्हती आणि जुन्या पाठात नसलेलं लिहायचंही नव्हतं, म्हणून पानाची वरची कड उघडी ठेवली. वाचून दाखवणारी आजी तिथे कृष्ण सांगते. सांगू दे.

(दृश्य : औंध. संग्रहालयाची टेकडी. चढणीचा रस्ता.)

शब्दांइतकंच चित्र बिघडवू शकतं. मैत्रिणीनं काढलेला पहिला दुर्योधन जाड भुवयांचा, काळाकुट्ट होता, आणि पांडव गोरे. वर्गात चित्र दाखवताच मुलं ओरडली, “ह्यो वाईट!” गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती.

मग आम्ही औंधला गेलो. या गावाचं आणि चित्रातल्या महाभारताचं नातं जुनं आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. चिकित्सक आवृत्तीच्या कामाला त्यांनी मोठं आर्थिक बळ दिलं, आणि तिच्यासाठी चित्रंही स्वतः काढली. ती प्राचीन नमुन्यांवरून काढली आहेत, असं त्या आवृत्तीच्या शीर्षकपानावरच नोंदलेलं आहे. म्हणजे डोळ्यांना सवयीचं ते काढायचं नाही, जुन्या काळाला विचारून काढायचं. हा धडा आम्ही तिथून घेतला.

विचारल्यावर पहिली गोष्ट ही लक्षात आली की द्रौपदीचं एक नाव कृष्णा आहे, आणि ते तिच्या सावळ्या रंगावरून आहे. कृष्णही सावळा, अर्जुनही सावळा. या कथेतला तेजाचा रंगच तो आहे. आम्ही गोरेपणा पुसून टाकला. मग मैत्रीण म्हणाली, “अगं, चुलतभाऊ आहेत ना हे? मग चेहरे मिळायला नकोत?” तिनं दुर्योधनाला आणि युधिष्ठिराला एकसारखी हनुवटी दिली. दुर्योधनासाठी एक जोडपान वाढवलं : भर रंगणात कुळ विचारल्यावर कर्णाची मान खाली जाते, तेव्हा तो पुढे होऊन त्याला अंगदेशाचा राजा करतो, ते. आता वर्गात मुलं गोंधळतात. एकानं विचारलं, “ह्यो चांगलाय का वाईट?” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढचं पान उलटलं.

(दृश्य : संगम माहुली. पहाट. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट.)

राहिलं शेवटचं जोडपान.

झेंडा गेला होता. स्त्रीपर्वाच्या शेवटी पांडव गंगेवर मेलेल्या सगळ्यांना पाणी द्यायला येतात. आपल्यांना आणि कौरवांनाही. तिथे कुंती पहिल्यांदा सांगते की कर्ण तुमचा मोठा भाऊ होता, त्यालाही पाणी द्या. जनमेजयाच्या प्रश्नाला ग्रंथ या घाटावर येऊन भिडतो.

मैत्रीण माहुलीच्या घाटावर चार पहाटा बसली. गंगा काढायची होती, पण ओंजळ कशी धरतात, पाणी बोटांतून कसं सुटतं, ओल्या पायरीवर माणूस किती वाकतो, ते इथे रोज दिसतं. चित्रात पाचही भाऊ पाठमोरे आहेत. चेहरे नाहीत, पाच ओंजळी आहेत. कुंती बाजूला उभी. मजकूर : ‘कुंती म्हणाली, कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा दादा होता.’

त्याच वर्गात हे पान उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी अडलेला तो मुलगा पुढे सरकला. पाच ओंजळींवर बोट ठेवत त्यानं त्या मोजल्या.

“दुर्योधनालाबी दिलं पाणी?”

“हो. त्यालाही दिलं.”

त्यानं पुस्तक आपल्याकडे ओढलं, पानं मागे उलटली, सोंगट्यांच्या पानावर थांबला, आणि मला म्हणाला, “ताई, हितनं परत वाचा.”