तीन पांढरे दगड

[टेबलावर तीन दगड. तिन्ही पांढरट, मुठीत मावतील एवढे.]

यातला एक क्वॉर्ट्झ आहे, म्हणजे आपली गारगोटी. एक फेल्डस्पार आणि एक कॅल्साइट. कुठला कोणता, हे रंग विचारून कळणार नाही. ही तिन्ही खनिजं पांढरी सापडतात, गुलाबीही सापडतात. किंचितशी भेसळ झाली तरी रंग बदलतो. म्हणून रंग बाजूला ठेवू आणि हातात घेऊ काचेचा एक तुकडा आणि चाकू.

फ्रिडरिश मोस यांनी 1812 मध्ये खनिजांची कठीणपणानुसार 1 ते 10 अशी उतरंड लावली. सर्वात मऊ संगजिरं 1 वर, हिरा 10 वर. नख साधारण अडीचवर येतं, काच आणि साध्या चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास.

[पहिला दगड काचेवर ओढला जातो.]

पहिल्या दगडाचा टोकदार कोपरा काचेवर दाबून ओढू. पांढरी रेघ उमटली. पण थांबा, ही रेघ काचेवरचा ओरखडा आहे की दगडाचीच पूड? ओल्या बोटानं पुसा. पूड असेल तर निघून जाईल. इथे ती गेली, काच गुळगुळीत आहे. आता उलट करू: चाकूनं दगडावर रेघ मारू. सहज खोल गेली. नखानं मात्र काही होत नाही. म्हणजे कठीणपणा अडीच आणि साडेपाचच्या मधे. कॅल्साइट 3 वर असतो, तेव्हा संशय त्याच्यावर.

दुसरा आणि तिसरा दगड काचेवर खरा ओरखडा काढतात. पुसलं तरी तो जात नाही, नखाला लागतो. हे दोघं कठीण आहेत. यांना वेगळं करायचं ते फुटलेल्या अंगावरून.

[तिसरा दगड दिव्याखाली हळूहळू फिरवला जातो.]

तिसरा दगड दिव्याखाली फिरवताना एका क्षणी अख्खा पृष्ठभाग आरशासारखा लखलखतो, आणि जरा कोन बदलला की विझतो. भिंगातून पाहिलं तर सपाट पायऱ्या दिसतात, आणि त्या सगळ्या एकाच वेळी चमकतात, कारण त्या एकमेकींना समांतर आहेत. याला पाटन म्हणतात. खनिजाच्या आत ज्या पातळीत अणूंमधले बंध कमजोर असतात, तिथेच ते फुटतं. इथे अशा पातळ्यांच्या दोन दिशा आहेत आणि त्या जवळजवळ काटकोनात भेटतात. हा फेल्डस्पार.

दुसरा दगड कितीही फिरवा, असा सपाट लखलखाट येत नाही. त्याचा फुटलेला भाग वाटोळा, शिंपल्यासारख्या वलयांचा आहे. क्वॉर्ट्झला कामाचं पाटन नसतं. बंध सगळीकडे जवळपास सारखेच घट्ट असतात.

इथे एक चूक फार होते. क्वॉर्ट्झच्या षटकोनी स्फटिकाला सुंदर सपाट बाजू असतात आणि त्यांनाच पाटन समजलं जातं. त्या बाजू वाढताना तयार झालेल्या असतात, फुटून नव्हे. खूण सोपी आहे: पाटनाची पातळी फुटलेल्या तुकड्यात पायऱ्यापायऱ्यांनी पुन्हा पुन्हा येते, स्फटिकाची बाजू नाही.

पहिल्या दगडाकडे परत येऊ. तिथे पाटनाच्या तीन दिशा आहेत, पण कोपरे काटकोनात नाहीत. कललेल्या डब्यासारखे, सुमारे 75 आणि 105 अंशांचे. कठीणपणा 3 आणि हा तिरका आकार, दोन्ही जुळले. कॅल्साइट नक्की.

मी एकदा फेल्डस्पारला मऊ ठरवून मोकळा झालो होतो. चाकूनं ओरखडा निघाला, पण तो बाहेरच्या कुजलेल्या थरावर. हवापाण्यानं फेल्डस्पारची माती होत जाते. तेव्हापासून ताज्या फुटलेल्या अंगावरच परीक्षा करतो.

आणि कस? म्हणजे झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर दगड घासून मिळणाऱ्या पुडीचा रंग. या तिघांसाठी तो निरुपयोगी आहे. कॅल्साइट आणि फेल्डस्पार यांचा कस पांढराच, आणि क्वॉर्ट्झ तर फरशीइतकाच कठीण असल्यानं पूड फरशीचीच निघू शकते. कसाची खरी कामगिरी पाहायची तर धातूसारखी चमक असलेले दगड घ्या.

[दोन काळसर, चकाकणारे दगड. एकाशेजारी एक फरशीवर घासले जातात.]

दोन्ही पोलादी राखाडी, दोन्ही जड, दोन्ही लोहखनिजं. डावीकडच्याची रेघ काळी आली: हा मॅग्नेटाइट, याला चुंबकही चिकटतं. उजवीकडच्याची रेघ मात्र लालसर तपकिरी, गेरूच्या रंगाची. वरून पोलाद, पूड गेरू. हा हेमॅटाइट.