विमानाची घरघर जाते, मग बाळाचं रडणं का जात नाही?

नमस्कार मंडळी. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आवाज 'अडवतो' असं बरेच जण समजतात, आणि कानाभोवतीच्या गादीमुळे थोडा अडवतोही, पण खरं काम वेगळंच आहे, तो स्वतः अजून एक आवाज काढतो. आवाज म्हणजे काय, तर हवेचा दाब कमीजास्त होणं. विमानाची घरघर १०० हर्ट्झची धरा, म्हणजे कानाच्या पडद्यापाशी दाब सेकंदाला १०० वेळा वाढतो आणि १०० वेळा कमी होतो. आता दाब वाढतोय त्याच क्षणी आतल्या स्पीकरने तेवढाच कमी केला तर? बेरीज शून्य, पडदा हलतच नाही, तुम्हाला ऐकू काहीच येत नाही.

ही आयडिया जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूगला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं, त्यात पाइपमधून येणारा आवाज माइकने पकडून पुढे स्पीकरने उलटा सोडायचा असा विचार होता. हेडफोनमध्ये मात्र ते बाजारात यायला कितीतरी वर्षं गेली. बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनवर गाणं नीट ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणितं मांडायला घेतली आणि पायलटसाठीचा त्यांचा हेडसेट विकायला आला १९८९ मध्ये! एवढा वेळ का लागला असेल?

कारण आवाज उलटा करणं सोपं आहे हो, दोन वायरी उलट्या जोडल्या की झालं. अवघड आहे ते वेळेवर पोचणं. हेडफोनचा कानावर बसणारा कप असतो ना, त्याच्या बाहेर एक माइक असतो, आवाज आधी तिथे लागतो आणि मग आत कानाकडे येतो. माइक ते स्पीकर अंतर समजा २ सेंटिमीटर, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे हातात किती वेळ उरला, तर ०.०६ मिलिसेकंद. तेवढ्यात ऐकायचं, उलटा आवाज तयार करायचा आणि स्पीकरमधून बाहेर काढायचा.

आता समजा ०.१ मिलिसेकंद उशीर झालाच. १०० हर्ट्झच्या लाटेची एक फेरी १० मिलिसेकंदांची, तिच्यापुढे हा उशीर शंभरावा हिस्सा, म्हणून दाबातला जेमतेम ६ टक्के भाग उरतो, घरघर गेलीच म्हणा. १००० हर्ट्झला तोच उशीर फेरीचा दहावा हिस्सा होतो आणि ६० टक्क्यांहून जास्त आवाज शिल्लक राहतो. अजून वर, साधारण १७०० हर्ट्झच्या आसपास, फायदा शून्य. आणि ५००० हर्ट्झला तर कमालच, फेरीच ०.२ मिलिसेकंदांची, उशीर बरोब्बर अर्ध्या फेरीचा, म्हणजे उलटी केलेली लाट पुन्हा सुलटी होऊन मूळ लाटेवरच बसणार आणि दाब दुप्पट!

म्हणून सर्किट मुद्दाम वरच्या आवाजांना हातच लावत नाही, ते काम कानाभोवतीच्या गादीवर सोडलेलं असतं, गादीला वरच्या आवाजांच्या बारीक लाटा अडवायला जमतं आणि घरघरीच्या लांब लाटा नाही जमत. बाळाचं रडणं सुरू होतं ४००-५०० हर्ट्झपासून, पण त्याचा कर्कशपणा असतो हजार हर्ट्झच्या बऱ्याच वर. तो येतोच. हेडफोनला बाळाची दया येते असं काही नाही.

बऱ्याच हेडफोनमध्ये आतही एक माइक असतो, कानाजवळ, तो काय उरलं ते ऐकून दुरुस्ती करत राहतो. पण यालाही उशीर आहेच, आणि दुरुस्ती जास्त जोरात केली तर ती स्वतःच आवाज वाढवायला लागते. काही हेडफोनवर हाताचा तळवा घट्ट दाबला की बारीक शिट्टी येते बघा, ती यातलीच.

मागून एक प्रश्न आलाय, ब्लूटूथला तर खूप उशीर असतो, मग हे चालतं कसं? चांगला प्रश्न. ब्लूटूथचा उशीर गाण्याला लागतो, कॅन्सलिंगला नाही, कारण ते सगळं कपाच्या आतल्या आत होतं, फोनचा त्यात संबंधच नाही. गाणं बंद ठेवून नुसतं कॅन्सलिंग लावा, चालतं.

आणि चष्मेवाल्यांसाठी, मी पण त्यातलाच. काडीमुळे गादी कानामागे थोडी उचलली जाते, त्या फटीतून कमी हर्ट्झची घरघर आत येते, शिवाय स्पीकरची तेवढ्याच हर्ट्झची उलटी लाट बाहेर निसटते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. हेडफोन बिघडला असं वाटलं तर आधी चष्मा काढून घरघर ऐका, फरक पडला तर बिघाड फटीचा आहे. बाहेर वाऱ्यात फडफड ऐकू आली तर तोही बिघाड नाही, वारा बाहेरच्या माइकवर आपटतो आणि तिथला दाब कानापाशी पोचतच नाही, पण सर्किट त्याचीही उलटी लाट काढून तुम्हाला ऐकवतं. अशा वेळी कॅन्सलिंग बंद केलेलं बरं, किंवा विंड मोड असला तर तो लावा.