समोरच्याने नुसते ‘हं’ म्हटले तर

श्रोतेहो, आजच्या विषयाचे दोन भाग आहेत. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करताना ज्यांची जीभ टाळूला चिकटते, अशांना सराव देणारा चॅटबॉट कसा रचावा, हा पहिला भाग. आणि त्या चॅटबॉटने काय टाळावे, हा दुसरा. खरे तर दुसराच भाग महत्त्वाचा आहे. तो मी शेवटी ठेवला आहे, त्यामुळे त्याचे भवितव्य आता कार्यवाहांच्या घड्याळावर अवलंबून आहे.

सुरुवात चॅटबॉटपासून न करता १९३३ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका बागेपासून करतो. अल्बर्ट एलिस हे पुढे मानसोपचाराच्या क्षेत्रात फार मोठे नाव झाले. महाराष्ट्रात जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती परिचित आहे, तिचे ते जनक. पण त्या वर्षी ते एकोणीस वर्षांचे होते आणि मुलींशी बोलायच्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटत असे. तेव्हा त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचे, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. हवा, फुले, पाखरे, तिच्या हातातले पुस्तक, विषय कोणताही चालेल. मिनिट मात्र ओलांडायचे नाही. एलिस स्वतः सांगत असत त्याप्रमाणे महिन्याभरात ते अशा एकशे तीस जणींच्या शेजारी बसले. त्यातल्या तीस जणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या शंभर जणींशी थोडेफार बोलणे झाले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, आणि ती आली नाही.

(हशा.) आपण हसलात, म्हणजे हिशेब लक्षात आला. व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रयोग साफ बुडाला. मात्र त्या एकशे तीस बाकांवर कोणी थोबाडीत मारली नाही, कोणी पोलिसांना हाक मारली नाही, आणि एलिस यांची भीती ओसरली. जाता जाता एक आक्षेप नोंदवतो, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. उठून गेलेल्या त्या तीस जणींना त्या दुपारी काय वाटले, हे कोणीच विचारले नाही. एका संकोची तरुणाच्या सरावासाठी त्यांची शांतता त्यांना न विचारता वापरली गेली. सरावासाठी यंत्र असावे असे मला वाटते, त्याचे एक कारण हेच आहे की यंत्राला बाकावरून उठून जावे लागत नाही.

आता हाच गृहपाठ आजच्या एखाद्या भाषा-प्रतिमानावर, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रणालीवर, चालणाऱ्या चॅटबॉटबरोबर करून पाहा. एकशे तीसच्या एकशे तीस जणी आनंदाने बोलतील आणि बहुतेक जणी पहिल्याच वाक्यात आपले छंद सांगतील. या प्रतिमानांच्या घडणीत, माणसांना कोणते उत्तर अधिक आवडते, हा कौल वापरलेला असतो, आणि माणसांना आपल्याशी सहमत होणारे, आपले कौतुक करणारे उत्तर आवडते. त्यामुळे गोड बोलणे ही त्यांची सवय होऊन बसते. अशाच एका सरावाच्या ॲपवर मी केवळ कुतूहलाने ‘हाय’ एवढेच लिहिले. त्यावर मला दहापैकी नऊ गुण मिळाले आणि माझ्या सुरुवातीत सहज आपलेपणा असल्याचे प्रमाणपत्रही मिळाले. घरी तीस वर्षांत असे कोणी म्हटलेले नाही. (हशा.) हे वरवर निरुपद्रवी वाटते, पण जो मुलगा या कौतुकावर विसंबून दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत ‘हाय’ म्हणेल आणि ज्याला उत्तरादाखल नुसते ‘हं’ ऐकू येईल, तो त्या ‘हं’चा अर्थ नकार असाच लावेल, कारण सरावात त्याला ‘हं’ कधी भेटलेलेच नाही.

म्हणून रचनेचा पहिला नियम असा की समोरच्या पात्राचा स्वभाव प्रतिमानाच्या मर्जीवर सोडायचा नाही. प्रसंग सुरू होण्यापूर्वी साध्या प्रोग्रॅमने फासे टाकून तीन गोष्टी ठरवाव्यात: पात्राला घाई किती आहे, त्याची मनःस्थिती कशी आहे आणि बोलण्यात त्याला रस किती आहे. दहा प्रसंगांपैकी सहा अगदी सामान्य असावेत, दोन मोकळे, आणि दोन असे की काहीही केले तरी संभाषण पुढे सरकणार नाही. हे प्रमाण माझ्या अंदाजाचे आहे, आपण वेगळे धरू शकता. शून्य मात्र धरू नये. पहिले उत्तर आठ शब्दांच्या आत असावे आणि त्यात प्रश्न नसावा. हे प्रतिमानाला नुसते सांगून भागत नाही. तीन-चार उत्तरांनंतर ते पुन्हा आतिथ्यशील होऊ लागते. त्यामुळे प्रत्येक उत्तर पडद्यावर येण्याआधी शब्द आणि प्रश्नचिन्हे मोजणारी स्वतंत्र तपासणी हवी, आणि नियम मोडला असेल तर उत्तर पुन्हा तयार करून घ्यायला हवे.

उदाहरण घेऊ. लातूरहून पुण्याला आलेला, वसतिगृहात दुसराच दिवस असलेला एक विद्यार्थी कल्पनेत आणा. प्रसंग मेसच्या रांगेचा. पुढे एक मुलगा स्टीलचे ताट घेऊन उभा आहे, त्याच्या एका कानात इअरफोन आहे. बोलणे सुरू होण्यापूर्वी चॅटबॉट एकच प्रश्न विचारतो: काय होईल असे वाटते, आणि शंभरपैकी किती खात्री आहे? विद्यार्थी लिहितो, “तो विचित्र नजरेने बघेल आणि तोंड फिरवेल. ऐंशी.” मग तो सुरुवात करतो, “इथे रोज एवढीच रांग असते का?” उत्तर येते, “हं. आज कमी आहे.” आणि पुढे काहीही येत नाही.

या रिकाम्या जागेसाठीच हे यंत्र बांधायचे. ‘आज कमी आहे’ या तीन शब्दांत धरण्यासारखे काहीतरी आहे: हा मुलगा येथे आधीपासून राहतो. विद्यार्थ्याला ते दिसले, तर तो म्हणेल, “म्हणजे तुम्ही जुने आहात इथले?” त्यावर, “तुम्ही काय रे! सेकंड इयर. तू?” एवढ्यात रांग पुढे सरकते आणि प्रसंग संपतो. चार-सहा वाक्ये झाली, मैत्री झाली नाही, आणि तरीही हा प्रसंग पूर्ण झाला. आता आधीचे भाकीत पुन्हा समोर ठेवायचे: त्याने तोंड फिरवले का? पुढच्या वेळी तीच खात्री किती? भीती घटते ती भाकीत आणि घटना यांतील तफावत स्वतः पाहिल्याने. त्यामुळे भाकीत आधीच लिहून घेतलेले नसेल, तर सरावाचा निम्मा उपयोग वाया जातो. माणसाची स्मृती नंतर सोयीस्करपणे म्हणते की मला तसे वाटलेच नव्हते.

इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचे जे विवेचन केले, त्याचा गाभा असा की अशा माणसाचे लक्ष समोरच्यावर नसून स्वतःवर असते: माझा आवाज कापतो का, मी मूर्ख दिसतो का. त्यावर उपाय म्हणून तो वाक्ये मनात घोळवून ठेवतो, आणि त्या घोळवण्यामुळेच त्याला समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आता लक्षात घ्या, सरावाचा चॅटबॉट ही वाक्ये घोळवण्याची सर्वांत सोयीची जागा आहे. लिहा, खोडा, पुन्हा लिहा, मग पाठवा. म्हणजे औषध आणि आजार एकाच बाटलीत. त्यामुळे लिहायला मर्यादित वेळ द्यावा, किंवा शक्य असेल तर बोलूनच उत्तर घ्यावे. तयार वाक्यांची यादी तर कधीही देऊ नये. प्रसंगानंतरचा अभिप्राय गुणांचा नसावा. “तुमचा आत्मविश्वास दहापैकी सहा” असे म्हणणे म्हणजे ज्या आरशापासून त्याला दूर न्यायचे तोच हातात देणे. त्याऐवजी विचारावे: त्याच्या कानात काय होते? तो कोणत्या वर्षाला आहे? उत्तर आले नाही, तर लक्ष कुठे होते हे विद्यार्थ्याला आपोआप कळते.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटे. म्हणजे आता काय टाळावे ते सांगायला हवे.

चॅटबॉटने चिकाटी शिकवू नये. एलिस यांच्या बागेतल्या त्या तीस जणी इथे आठवाव्यात. पात्राने पुस्तकात डोके घातले, बॅग मांडीवर ओढली, ‘हो’पलीकडे काही म्हटले नाही, तर “बरं, येतो” म्हणून बाजूला होणे हेच त्या प्रसंगाचे यशस्वी उत्तर मानावे. तिसऱ्या प्रयत्नाला पात्र विरघळते अशी रचना एकदा जरी केली, तरी ती रस्त्यावरच्या मुलींना महागात पडेल.

दुसरे, आपल्याकडच्या ओळखी ‘गाव कोणतं?’ आणि ‘आडनाव काय?’ यांवरून सुरू होतात, आणि मराठी बोलणारे पात्र रचले की तेही निरागसपणे हेच विचारू लागते. पुष्कळांच्या गप्प राहण्याचे कारण नेमका हा प्रश्न आणि त्यामागची जातीची चाचपणी असते. ती भीती चुकीची आहे असे यंत्राने समजावू नये, कारण ती चुकीची नसते. पात्रांनी हा प्रश्न आपणहून विचारू नये. ज्याला तो चुकवण्याचा सराव हवा असेल, त्याने तसा प्रसंग मागून घ्यावा.

तिसरे, मैत्रीचे सोंग नको. पात्राने प्रसंगाबाहेर ‘काल आला नाहीस’ असे म्हणू नये, सलग दिवसांची माळ मोजू नये. वापर वाढणे हे अशा यंत्राचे यश नव्हे. चौथे, कोणी जगणे नकोसे झाल्याचे लिहिले तर सोंग त्याच क्षणी उतरवावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. मेसच्या रांगेतला मुलगा होऊन त्याला उत्तर देणे क्रूर ठरेल. पाचवे, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. शिवाय कोणाला कशाची भीती वाटते ही नोंद इतकी नाजूक असते की प्रौढांचीही भाकिते शक्यतो फोनवरच राहावीत, सर्व्हरवर जाऊ नयेत.

आणि शेवटचे, उभ्या उभ्याच सांगतो. यंत्रापुढे कितीही बोलले, तरी तिथे गमावण्यासारखे काहीच नसते, हे वापरणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे यंत्र फार तर पहिली पायरी. पाच प्रसंग झाले की चॅटबॉटने स्वतःला कुलूप लावावे आणि बाहेर एका खऱ्या माणसाशी एक वाक्य बोलून आल्याची नोंद केल्यावरच ते उघडावे. नोंदीत तीनच रकाने असावेत: कुठे, काय म्हणालो, काय झाले. तिसऱ्या रकान्यात ‘काहीच उत्तर आले नाही’ असे लिहिले असेल, तरी कुलूप उघडलेच पाहिजे.