मंजूर किती, जमा किती

(परभणीतल्या एका वाचनालयातलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून थोडं संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, माईकचा आवाज मागं जातोय ना? ठीक. मला 40 मिनिटं दिली होती. आधीच्या सत्कारात 15 गेली. सत्कार माझाच होता, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार?

विषय साधा आहे. फोनला पिन लावली की पडद्यावर ओळ येते: नुसतं Charging, किंवा Charging rapidly, किंवा Charging slowly. मराठी लावलं असेल तर "वेगाने चार्ज होत आहे". ही ओळ चार्जर आणि केबलबद्दल नेमकं काय सांगते, एवढंच बोलायचं आहे. पण आधी माझ्या साडूंची गोष्ट सांगतो. त्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

साडू सेलूचे. एके दिवशी फोन आला, "दादा, फोन रात्रभर लावून ठेवायलोय, सकाळी बघतो तर साठ टक्के." पडद्यावर काय येतं विचारलं, तर Charging slowly. ते दुकानात गेले. दुकानदारानं आपल्या वायरला फोन लावला आणि ओळ आली Charging rapidly! तरी निदान काय झालं? "बॅटरी गेलीय काका." आता बघा हं, तुमच्या डोळ्यांदेखत फोन वेगानं चार्ज होतोय म्हणतो आणि दोष बॅटरीला! पण साडू भिडस्त. बॅटरी बदलली, 1,400 रुपये. घरी आले, फोन लावला, Charging slowly. परत गेले. "मग चार्जर गेला असंल." नवा चार्जर, 600 रुपये. घरी आले. Charging slowly. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलंय. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, नवा फोनच घ्या, हप्त्यावर देतो. तेव्हा कुठं त्यांना साडू आठवला. मी आयटीआयमध्ये 27 वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, पण घरच्यांना आपली आठवण 2,000 रुपये घालवल्यावरच येते.

मी गेलो. सॉकेट दाराजवळ, पलंग समोरच्या भिंतीला. मधे लांबलचक, पांढरी, दोन मीटरची केबल. "ही कधीची?" म्हटलं. "ही नवीच आहे की. झोपून फोन बघता यावा म्हणून बाजारातनं आणली." म्हणजे सगळं बदललं, ही तेवढी राहिली, कारण ती नवी!

माझ्याकडं बोटाएवढा यूएसबी मीटर आहे. तो चार्जरपाशी लावला तर 5.1 व्होल्ट. चार्जरवर लिहिलंय 5 व्होल्ट, 2 ॲम्पिअर, म्हणजे बिचारा चोख. मग तोच मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, फोनच्या तोंडाशी लावला. तिथं 4.5 व्होल्ट आणि 0.7 ॲम्पिअर. गुणाकार करा, 3 वॅटच्या आसपास. चार्जर 10 वॅटचा आणि फोनच्या पदरात 3. बाकीचे? काही वायरीत ऊब होऊन गेले, पण बहुतेक फोननं मागितलेच नाहीत. ते मी सांगतो.

विहिरीवरून लांबच्या वावरात अर्ध्या इंची नळी टाकली तर मोटार कितीही दणकट असू द्या, शेवटच्या तोंडाला धार बारीकच. तांब्याच्या तारेचंही तसंच. या केबलीतली तार केसासारखी, लांबी दोन मीटर, आणि वीज जाताना दोन आणि येताना दोन असे चार मीटर चालते. त्या वाटेचा रोध निघाला साधारण 0.85 ओहम. 2 ॲम्पिअर ओढले असते तर 1.7 व्होल्ट वाटेतच पडले असते. म्हणून फोन अंदाज घेत ओढतो. थोडा प्रवाह वाढवला, व्होल्ट पडायला लागले की हात आखडता घेतो. साडूंच्या फोननं 0.7 ला हात आखडला आणि प्रामाणिकपणे slowly लिहिलं. मी पिशवीतली अर्ध्या मीटरची जाड केबल लावली. 4.85 व्होल्ट, 1.8 ॲम्पिअर, पावणेनऊ वॅटच्या जवळपास. पडद्यावर rapidly. चार्जर तोच. नवी बॅटरी मात्र तोपर्यंत उगाच बसली होती.

इथं गोष्ट संपली असती. पण तीच दोन मीटरची केबल साडूंनी मेहुणीच्या फोनला लावली, तर त्यावर Charging rapidly! साडू माझ्याकडं असे बघायला लागले, की आता काय म्हणता? (चिठ्ठी आली. किती? आठ मिनिटं. बरं.)

तर मूळ मुद्दा. अँड्रॉइडमध्ये ही ओळ चार्जरकडून जास्तीत जास्त किती मिळू शकतं, त्या आकड्यावरून ठरते. बॅटरीत प्रत्यक्ष किती चाललंय, त्यावरून नाही. जास्तीत जास्त ॲम्पिअर गुणिले जास्तीत जास्त व्होल्ट. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये बरीच वर्षं उंबरठे असे होते: 5 वॅटच्या खाली slowly, साडेसातच्या वर rapidly, मधे नुसतं Charging. कंपन्या ते बदलतात, ओळही आपापली लिहितात. अतिवृष्टीचं अनुदान मंजूर होणं आणि खात्यात जमा होणं यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. ही ओळ मंजुरीची. साडूंचा फोन हात आखडल्यावर मंजुरीचा आकडाही दुरुस्त करणारा होता. मेहुणीच्या फोननं चार्जर ओळखला, आकडा लिहिला, पुन्हा बघितलंच नाही.

चार्जर ओळखतो कसा? भिंतीवरच्या साध्या चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. फोनला ते कळलं की तो दीड ॲम्पिअर किंवा जास्त मागतो. केबलीत डेटाच्या ताराच नसतील तर हे कळत नाही. मग बरेच फोन घाबरून अर्ध्या ॲम्पिअरवर राहतात, 2.5 वॅट, म्हणजे slowly. लॅपटॉपच्या साध्या पोर्टचंही तेच, अर्धा ॲम्पिअर. तिथं slowly आलं तर केबल फेकू नका, पोर्टच तेवढं देतं. दोन्ही टोकं टाईप-सी असली की बोलणी वेगळ्या तारेवर होतात आणि त्यांना दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून आधी Charging येऊन मग rapidly होतं. लगेच पिन उपसू नका.

आणि rapidly म्हणजे किती? त्या जुन्या उंबरठ्यानं 8 वॅटही rapidly आणि 60 ही rapidly. 18 वॅटचा म्हणून घेतलेला चार्जर 10 च देत असेल तर ही ओळ चुगली करणार नाही. फोन तापला किंवा 80 टक्क्यांच्या पुढं गेला की प्रवाह उतरतो, ओळ बहुधा तशीच राहते.

(दोन मिनिटं.) मीटर नसेल तर घड्याळ लावा. 5,000 mAh ची बॅटरी साधारण 19 वॅट-तास, म्हणजे 10 टक्क्यांना 1.9. पडदा बंद ठेवून 20 वरून 30 टक्के व्हायला किती लागलं ते बघा. चार्ज होताना थोडी वीज ऊब होऊन जाते ती धरून, 15 वॅट पोचत असतील तर नऊ-दहा मिनिटं. 3 पोचत असतील तर पाऊण तास, ओळ काहीही म्हणो. मग चार्जर तोच ठेवून फक्त केबल बदला. नंतर केबल तीच ठेवून फक्त चार्जर. दोन्ही एकदम बदललं की चोर सापडत नाही. मेहुणीच्या फोनला 41 मिनिटं लागली, rapidly असताना.

मागच्या टेबलावर मीटर ठेवलाय, साडूंची पांढरी केबलही आहे. आपापल्या वायरी घेऊन या. फक्त तिथला पंख्याशेजारचा सॉकेट घेऊ नका, तो सैल आहे.