तारीख ठरली, पण पत्रात कुठली आहे?

ऑफर लेटर हातात आलं की लगेच होकार कळवावासा वाटतो. पण त्याआधी कॅलेंडर उघडून रुजू होण्याची तारीख तपासा. मनुष्यबळ विभागात काम करताना मी पगारापेक्षा तारखेवरून झालेले घोळ जास्त पाहिले.

समजा, एका मुलीला ६ जुलैला ऑफर लेटर आलं. त्यात जॉइनिंग १ सप्टेंबरला आहे. सध्याच्या नोकरीत तिचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा. ती १० जुलैला राजीनामा देणार. तो दिवस धरून जुलैचे २२, ऑगस्टचे ३१, म्हणजे ५३ झाले. उरलेले ७ सप्टेंबरमधले. तिचा शेवटचा दिवस ७ सप्टेंबर. ती एचआरला फोन करते. तिकडून उत्तर येतं, "चालेल, १४ ला या." ती निश्चिंत होते आणि मेलवर लिहिते, 'ऑफर मान्य आहे.'

मान्य काय झालं? पत्रातली १ सप्टेंबर. अनेक पत्रांत खाली एक ओळ असते : ठरल्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर रद्द समजावी. फोनवरचा माणूस दरम्यान नोकरी सोडून गेला, तर १४ तारखेची आठवण कोणाला असणार?

मग 'मान्य आहे, पण १४ ला येते' असं लिहावं का? तेही पुरेसं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७ सांगतं की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. अट बदलून दिलेला होकार हा नवा प्रस्ताव ठरतो, आणि तो समोरच्याने मान्य करावा लागतो.

म्हणून आधी त्याच मेलला उत्तर देऊन विचारा : 'फोनवर बोलल्याप्रमाणे जॉइनिंगची तारीख १४ सप्टेंबर करून सुधारित पत्र पाठवावे. ते मिळताच स्वीकृती कळवून मी राजीनामा देईन.' सुधारित पत्राआधी राजीनामा देऊ नका. पत्र चार दिवस उशिरा आलं, तर शेवटचा दिवसही चार दिवस पुढे जातो. तेव्हा पुन्हा मोजा.

मग स्वीकृतीचा मेल छोटाच पुरतो : पद, वार्षिक सीटीसी, कामाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख, आणि सही केलेलं पत्र सोबत जोडलेलं. सीटीसीचा आकडा पत्रातल्या तक्त्यावरूनच घ्या. त्यात बहुधा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, त्यामुळे त्याला बाराने भागून हातात येणारा पगार काढू नका.

कागदपत्रांत अडतं ते रिलिव्हिंग लेटर. स्वीकृतीच्या वेळी ते तुमच्याकडे असणं शक्यच नसतं, आणि शेवटच्या दिवसानंतरही ते मिळायला वेळ लागू शकतो. म्हणून मेलमध्येच लिहा : 'राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आधी देईन, रिलिव्हिंग लेटर मिळताच सादर करेन. हे चालेल का, कळवावे.' या प्रश्नाचं उत्तरही लेखीच येऊ द्या. प्रमाणपत्रांच्या स्वतः सही केलेल्या प्रती द्या. मूळ प्रती दाखवा आणि त्याच दिवशी घरी परत न्या.