डब्याच्या पोटातील तीन मिनिटे

(दृश्य: डब्याच्या पत्र्याला पाडलेले भोक, त्यातून आत जाणारी तार)

काबुली चण्यांच्या या डब्यात शिरणारी तार म्हणजे तापमान मोजणारे थर्मोकपल. तिचे टोक डब्याच्या बरोबर मध्यभागी नाही, तळापासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर आहे. मिठाच्या पाण्यातील चणे तापतात तेव्हा गरम पाणी कडेने वर चढते आणि थंड पाणी मधून खाली उतरते, त्यामुळे सर्वांत उशिरा तापणारी जागा मध्याच्या थोडी खाली सापडते. कारखान्यात या जागेला कोल्ड स्पॉट म्हणतात. पुढचा तासभर डब्याच्या बाहेर कितीही वाफ असली, तरी हिशेब या एका बिंदूचाच होणार आहे.

(दृश्य: चण्यांनी भरलेले डबे, सीमिंग यंत्र)

चणे मातीतून येतात आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. डबा बंद झाला की आत हवा उरत नाही. चण्यांची आम्लता कमी असते, म्हणजे त्यांचा सामू 4.6 च्या वर असतो. अशा ठिकाणी बीजाणू रुजतात आणि त्यांतून निघालेले जिवाणू विष तयार करतात, जे श्वासाचे स्नायूही बंद पाडते. रत्नागिरीच्या आमरसाच्या डब्याला हे भय नाही. रस आंबट असल्याने त्यात हा बीजाणू रुजत नाही, म्हणून तिथे उकळते पाणी पुरते. चण्यांना ते पुरत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळेतील तेलकुंड, त्यात बुडालेल्या बंद काचनळ्या)

किती उष्णता पुरते, याचे उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. 1919 साली तेथील डबाबंद पिकलेल्या ऑलिव्हमुळे ओहायो आणि मिशिगनमध्ये माणसे दगावली. त्यानंतर एस्टी आणि मेयर या संशोधकांनी बीजाणूंच्या शंभराहून अधिक वाणांवर काम केले आणि 1922 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत इथे दिसते तशीच होती. काचनळीत बीजाणू भरायचे, नळी वितळवून बंद करायची, ठरावीक तापमानाच्या तेलात ठेवायची आणि ठरावीक मिनिटांनी बाहेर काढून पोषक द्रवात काही वाढते का ते पाहायचे. ज्या वेळेनंतर एकही नळी वाढ दाखवत नाही, ती वेळ म्हणजे त्या तापमानाचा उष्णता-मृत्युकाळ. सुमारे 60 अब्ज बीजाणूंसाठी तो 100 अंश सेल्सिअसला 330 मिनिटे, 105 अंशांना 100 मिनिटे, 115 अंशांना 10 मिनिटे आणि 120 अंशांना 4 मिनिटे भरला. उकळत्या पाण्यात साडेपाच तास, हे आकडे ऐकल्यावर घरच्या पातेल्यात बरण्या उकळून भाज्या टिकवण्याचा विचार मागे पडावा.

(दृश्य: आलेखावर उतरत जाणारी रेषा)

मात्र मृत्युकाळात एक अडचण आहे. तो सुरुवातीच्या बीजाणूंच्या संख्येवर अवलंबून असतो. जास्त बीजाणू घेतले तर वेळ वाढते. उष्णतेने बीजाणू एकदम मरत नाहीत, प्रत्येक ठरावीक काळात उरलेल्यांपैकी नव्वद टक्के मरतात. हजाराचे शंभर, शंभराचे दहा, दहाचा एक. या एका टप्प्याला लागणारा वेळ म्हणजे डी मूल्य. ते सुरुवातीच्या संख्येवर अवलंबून नसते. बोट्युलिनमसाठी 121.1 अंशांना ते 0.21 मिनिट, म्हणजे तेरा सेकंदांच्या आत-बाहेर धरतात. उद्योगाने असे बारा टप्पे पूर्ण करण्याची अट स्वीकारली. प्रत्येक डब्यात एक बीजाणू होता असे मानले, तर एक लाख कोटी डब्यांत एक वाचण्याइतकी ही कपात आहे. बारा गुणिले 0.21 म्हणजे अडीच मिनिटे, आणि व्यवहारात किमान तीन मिनिटे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चढणारे तापमान)

परंतु डबा एकदम 121.1 अंशांवर पोहोचत नाही, तो हळूहळू चढतो. ही चढण फुकट जात नाही, आणि तिची किंमत झेड मूल्य सांगते. डी मूल्य दहापट बदलण्यासाठी तापमान जितके अंश बदलावे लागते, ते झेड. बोट्युलिनमसाठी ते 10 अंश धरतात. मघाचे आकडे आठवले तर 105 ला 100 मिनिटे आणि 115 ला 10 मिनिटे, हे झेडच आहे. म्हणून कोल्ड स्पॉट 111.1 अंशांवर असताना गेलेले एक मिनिट खात्यात एक-दशांश मिनिट जमा होते, आणि 118.1 अंशांवर गेलेले एक मिनिट अर्धे. मिनिटामिनिटाची ही जमा म्हणजे एफ-नॉट. पडद्यावरचा उजवीकडचा रकाना तोच मोजतो आहे, आणि तीन ओलांडेपर्यंत इथे कुणी झडपेला हात लावत नाही. प्रत्यक्षात बहुतेक कारखाने त्याहूनही पुढे जातात, कारण डबा खराब करणारे काही बीजाणू बोट्युलिनमहून अधिक चिवट असतात.

(दृश्य: डबे वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या बंद पात्राच्या, म्हणजे रिटॉर्टच्या, माथ्यावरून सुटणारा वाफेचा लोट)

हा लोट वाया जाणारी वाफ वाटतो, पण या सर्व आकड्यांचे रक्षण इथेच होते. रिटॉर्ट सुरू होताना आत हवा असते आणि ती बाहेर काढण्यासाठी व्हेंट उघडे ठेवतात. हवा आत राहिली, तर दाबमापक पुरेसा दाब दाखवतो, पण त्या दाबात हवेचाही वाटा असतो आणि तापमान खालीच राहते. म्हणून निर्णय दाबमापकावर नाही, काचेच्या पाऱ्याच्या तापमापकावर होतो. समुद्रसपाटीला 121 अंशांसाठी चौरस इंचाला 15 पौंड दाब लागतो, पुण्याच्या उंचीवर तोच काटा सुमारे 16 वर न्यावा लागतो.

समजा, हवेमुळे कोल्ड स्पॉट 118.1 ऐवजी 116.1 अंशांवर राहिला. ठरलेल्या सहा मिनिटांत तीन मिनिटांची जमा व्हायची होती, ती 1.9 मिनिटेच होते. बारापेक्षा जास्त टप्प्यांऐवजी नऊ टप्पे पूर्ण होतात, म्हणजे बाराच्या तुलनेत हजारपट अधिक बीजाणू वाचू शकतात. दोन अंशांची ही चूक डब्याकडे पाहून कळत नाही. डबा फुगेलच, वास येईलच, असे नाही.

(दृश्य: घट्ट मसाल्याच्या ग्रेव्हीचा डबा)

हेच चणे आता घट्ट ग्रेव्हीत. इथे पाणी फिरत नाही, उष्णता थराथरातून सरकत जाते आणि कोल्ड स्पॉट डब्याच्या ऐन मध्यावर जातो. मिठाच्या पाण्यातील चण्यांची वेळ या डब्याला लावली, तर मधला भाग कच्चा राहील. पीठ किंवा स्टार्च थोडे वाढवले तरी चाचणी नव्याने करावी लागते. पाककृतीतील बदल स्वयंपाकघर ठरवते, पण त्याची वेळ रिटॉर्टवाल्याला कळेपर्यंत बदललेली नसते. आम्हाला सर्वांत जास्त काळजी या जागेची वाटते.

(दृश्य: नोंदवही, लाल पट्टी लावलेली क्रेट)

नोंदवहीत वाफ सोडल्याची वेळ, तापमापकाचा आकडा आणि आलेखयंत्राचा कागद एकत्र लावला जातो. या क्रेटच्या आलेखात मध्यावर चार मिनिटांची खोल घळ आहे, म्हणून ती वेगळी ठेवली आहे. हिशेब पूर्ण झाल्यावर तिच्यावर पुन्हा प्रक्रिया होईल किंवा ती नष्ट केली जाईल.